हात कुठे ठेवू रे देवा!

एक छोटासा प्रयोग करून बघू. ऑफिसात असाल तर पँट्रीत जा, म्हणजे कलीग्जना शंका यायला नको. दोन्ही हात पाठीमागे बांधा आणि जागच्या जागी उडी मारा. आता हात मोकळे सोडून तीच उडी पुन्हा मारा. दुसऱ्या उडीत तुमचे हात आपोआप वर गेले ना? तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं, तरी गेले. आता कल्पना करा, की त्याच क्षणी पाच फुटांवरून कुणीतरी मारलेला बॉल तुमच्या मनगटाला लागला, शिट्टी वाजली आणि तुमच्या टीमविरुद्ध पेनल्टी दिली गेली. हात हलवला म्हणून नाही हं, हात 'चुकीच्या जागी' होता म्हणून.

फुटबॉलमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील, तर ती या हँडबॉलवरून. ऑफसाइड निदान मोजता तरी येतो. हँडबॉल मोजता येत नाही, तो वाचावा लागतो. आणि वाचणारी माणसं दोन असली की अर्थही दोन निघतात.

शनिवारी रात्री मॅच बघून सोमवारी लंच टेबलवर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी मीही एक. 'अरे, सरळ सरळ हाताला लागला, दिसत नाही का?' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. पण हाताला लागला की नाही, हा मुळात प्रश्नच नाही. नियमातच लिहिलंय, की बॉल हाताला लागला म्हणजे दर वेळी गुन्हा होत नाही. खरा प्रश्न पुढचा आहे: तो हात तिथे होता कशाला?

हे सगळं समजून घ्यायला 2024 च्या युरो कपमधला एक आठवडा पुरेसा आहे. एकच टीम, एकच स्पर्धा, दोन मॅचेस. एकीत जर्मनीला हँडबॉलची पेनल्टी मिळाली, दुसरीत मिळाली नाही. आणि दोन्ही वेळा कुणीतरी डोक्याला हात लावला.

पहिली मॅच 29 जून, डॉर्टमुंड. जर्मनी विरुद्ध डेन्मार्क, राउंड ऑफ सिक्स्टीन. हाफटाइम झाल्यावर थोड्याच वेळात डेन्मार्कच्या योआकिम अँडरसनने गोल मारला आणि तो एका सहकाऱ्याच्या जेमतेम ऑफसाइडमुळे रद्द झाला. बिचारा अजून त्या दुःखातून सावरतोय, तोवर दुसऱ्या टोकाला जर्मनीच्या डाव्हिड राउमने क्रॉस मारला. अँडरसन त्याच्या अगदी जवळ होता, पळत पळत वळत होता आणि त्याचा हात अंगापासून बाजूला होता. बॉल बोटांना ओझरता लागला. उघड्या डोळ्यांना नीट कळलंही नसतं, पण या स्पर्धेतल्या बॉलमध्ये सेन्सर होता. स्क्रीनवर क्रिकेटच्या स्निकोसारखी एक रेष उसळली आणि स्पर्श सिद्ध झाला. रेफरी मायकल ऑलिव्हर मॉनिटरपाशी गेले, परतले, पेनल्टी दिली. 53 व्या मिनिटाला काय हावर्ट्झने गोल केला. जर्मनी शेवटी 2-0 ने जिंकली.

डेन्मार्कचे कोच कॅस्पर युलमंड वैतागले. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं: पळणारा माणूस हात हलवत पळणार नाही, तर काय करणार?

दुसरी मॅच बरोबर सहा दिवसांनी, 5 जुलै, स्टुटगार्ट. क्वार्टर फायनल, समोर स्पेन. डानी ओल्मोने 51 व्या मिनिटाला स्पेनला पुढे नेलं, फ्लोरियान विर्ट्झने 89 व्या मिनिटाला बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइम. 106 व्या मिनिटाला जमाल मुसियालाने गोलच्या दिशेने सणसणीत शॉट मारला आणि वाटेत उभ्या असलेल्या मार्क कुकुरेयाच्या डाव्या हाताला तो लागला. सगळं स्टेडियम ओरडलं. रेफरी अँथनी टेलर यांनी लगेच खूण केली, हात खाली होता, खेळत राहा. व्हीएआरनेही त्यांना मॉनिटरकडे बोलावलं नाही. 119 व्या मिनिटाला मिकेल मेरिनोने हेडर मारला आणि यजमान जर्मनी घरच्याच स्पर्धेतून बाहेर.

म्हणजे बघा, बोटांना चाटून गेलेल्या क्रॉसला पेनल्टी आणि गोलकडे जाणारा शॉट हाताने थांबला तर काहीच नाही! कुठल्याही नाक्यावरच्या माणसाला विचारा, तो म्हणेल की अंधेर आहे. पण नियमाचं पुस्तक हातात घेतलं, की दोन्ही निर्णयांमागचं लॉजिक दिसायला लागतं. पटतं की नाही, ते नंतर बघू.

पुस्तकात नेमकं काय आहे?

फुटबॉलचे नियम 'आयएफएबी' नावाचं मंडळ ठरवतं. हँडबॉल बाराव्या नियमात येतो. पूर्वी, म्हणजे 2019 पर्यंत, सगळा भर हेतूवर होता. खेळाडूने मुद्दाम हात लावला का? हात बॉलकडे गेला, की बॉल हाताकडे आला? ऐकायला छान, पण रेफरीने मन कसं वाचायचं? म्हणून 2019 मध्ये नियम नव्याने लिहिला गेला, आणि हाताच्या जागेला मोठं महत्त्व आलं. हात खांद्याच्या वर असेल तर साधारणपणे गुन्हा, असं थेट लिहिलं गेलं. झालं उलटंच. पेनल्ट्यांचा पाऊस पडायला लागला आणि डिफेंडर बॉक्समध्ये हात पाठीमागे बांधून पेंग्विनसारखे धावू लागले. (हे आजही दिसतं. असा डिफेंडर वळताना तोल सांभाळू शकत नाही, आणि चलाख विंगर त्याचाच फायदा घेतो.)

मग 2021 मध्ये मंडळाने सूर बदलला. आता मुख्य वाक्याचा अर्थ असा: खेळाडूने हाताच्या ठेवणीमुळे आपलं शरीर 'अनैसर्गिकरीत्या मोठं' केलं असेल तर गुन्हा. आणि मोठं केलं असं कधी म्हणायचं? जेव्हा हाताची जागा त्या विशिष्ट प्रसंगातल्या शरीराच्या हालचालीमुळे आलेली नसते, किंवा त्या हालचालीने तिचं समर्थन होत नाही. अशा जागी हात ठेवणारा खेळाडू धोका पत्करतो, बॉल लागला तर शिक्षा त्याची त्याला.

या वाक्यात अंश नाहीत, सेंटिमीटर नाहीत. हात अंगापासून किती लांब गेला की 'मोठं' म्हणायचं, याचा आकडाच नाही. एक रेष मात्र आखलेली आहे, हात सुरू कुठून होतो याची. 2020 पासून काखेच्या तळाची पातळी ही हद्द. त्याच्या वर बॉल लागला तर तो खांदा, म्हणजे चालतो. टी-शर्टच्या बाहीचा भाग, असं समजा ढोबळमानाने. त्याखालच्या हातासाठी सगळी मदार 'हालचालीमुळे आलेली' आणि 'समर्थन' या शब्दांवर.

'नैसर्गिक' म्हणजे काय, भाऊ?

माझा एक मित्र पुण्यात लोकल मॅचेसमध्ये रेफरी म्हणून उभा राहतो. दिवसा आयटीत, रविवारी शिट्टी. त्याच्यासोबत रिप्ले बघणं हा एक वेगळाच अनुभव असतो, कारण आपण सगळे हाताकडे बघत असतो आणि हा पायांकडे बघतो. 'आधी पाय बघ, कंबर बघ,' तो म्हणतो. 'शरीर काय करतंय ते ठरव. मग असं करणाऱ्या माणसाचा हात कुठे असायला हवा, ते डोक्यात आण. मग हात बघ. तिथेच असेल तर सोड. नसेल तर विचार, का नाही?'

ऐकायला सोपं वाटतं. पण यातला बारकावा मला बऱ्याच उशिरा कळला. नैसर्गिक म्हणजे 'माणसं असं करतात' एवढंच नाही. 2019 ची चॅम्पियन्स लीग फायनल आठवा, माद्रिद, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. मॅच सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नव्हतं. टॉटनहॅमचा मुसा सिसोको आपल्याच बॉक्समध्ये हात लांब करून सहकाऱ्याला कुठे जायचं ते दाखवत होता. सादियो मानेने मारलेला बॉल त्याच्या काखेजवळ लागून पसरलेल्या हातावर आला. पेनल्टी, मोहम्मद सलाहचा गोल, आणि फायनलची चवच बदलली. आता बोट दाखवणं ही किती माणसासारखी गोष्ट! आपण रिक्षावाल्यालाही तसंच दाखवतो. पण तो हात पळण्यामुळे, वळण्यामुळे किंवा उडीमुळे तिथे नव्हता. शरीराच्या खेळातल्या हालचालीला त्याची गरज नव्हती. आजच्या नियमाच्या भाषेत सांगायचं तर त्याने धोका पत्करला.

याउलट स्लाइड करणारा डिफेंडर घ्या. जमिनीवर घसरताना एक हात खाली टेकतोच, नाहीतर खांदा निखळेल. शरीर आणि जमीन यांच्या मधला हा आधाराचा हात रेफरी साधारणपणे माफ करतात. पण त्याच स्लाइडमध्ये दुसरा हात हवेत उभा राहिला असेल, तर तो आधार नव्हे. तो कुंपण आहे.

उडीचं गणित सगळ्यात अवघड. हात झोकल्याशिवाय उंच उडता येत नाही, ते आपण पँट्रीत बघितलंच. म्हणून हेडरसाठी उडी मारताना हात वर जाणं हे नियमाच्या भाषेत 'हालचालीमुळे आलेलं'. पण उडी संपून पाय जमिनीला लागल्यावरही हात वरच राहिले तर? किंवा खेळाडू बॉलकडे पाठ करून, डोळे मिटून, हात पसरून नुसताच आडवा आला तर? हा एका सेकंदाच्या आतला फरक आहे, आणि रेफरी तो वीस मीटरवरून, मधे चार माणसं असताना बघतो.

वेळही बघावी लागते. ताशी 90 किलोमीटरने निघालेला बॉल सेकंदाला 25 मीटर जातो. तीन मीटरवर उभ्या असलेल्या डिफेंडरकडे तो साधारण 0.12 सेकंदात पोचतो. डोळ्याने बघून हात हलवायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे हात आवरण्याची संधीच नाही. पण म्हणून तो आपोआप सुटत नाही. कारण प्रश्न 'आवरता आला असता का' एवढाच नसतो, 'आधीपासून तिथे का होता' हाही असतो. अँडरसनचं नेमकं हेच झालं. जवळून मारलेला क्रॉस, हात आवरणं अशक्य, पण हात बाजूला होता. माझ्या मते तो पळण्याच्या ओघातला हात होता आणि पेनल्टी फार कडक होती. मात्र हात अंगापासून लांब होता हेही खरं, त्यामुळे ऑलिव्हर यांनी पुस्तकाबाहेरचं काही केलं, असं म्हणता येत नाही.

मग कुकुरेया कसा सुटला?

त्याचा हात खाली लोंबत होता, बोटं जमिनीकडे. शॉट येताना तो हात आवरून मागे घेत होता, असंही रिप्लेमध्ये दिसतं. शरीर वळतंय, हात खाली, बॉलकडे जात नाहीये, उलट दूर जातोय. टेलर यांनी जे बघितलं ते हे, आणि मित्राच्या पायांपासून सुरू होणाऱ्या पद्धतीने बघितलं तर निर्णय समजू शकतो. जर्मनीचे कोच युलियान नागल्समान यांनी मात्र दुसराच मुद्दा काढला. त्यांचं म्हणणं, हात कुठे होता यावर किती चर्चा करणार, बॉल कुठे चालला होता ते बघा ना! बॉल स्टँडमध्ये चालला असेल आणि हाताला लागला, तर कुणी पेनल्टी मागत नाही. गोलमध्ये चालला असेल तर गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे बाराव्या नियमात बॉल कुठे चालला होता, यावर हँडबॉल ठरत नाही. ते ठरतं गुन्हा झाल्यानंतर, कार्ड कुठलं द्यायचं यासाठी. पण युएफा रेफरींना आपल्या स्वतःच्या सूचना देते, आणि सप्टेंबर 2024 मध्ये बातमी बाहेर आली, की युएफाच्या रेफरी समितीने या प्रसंगाचा फेरविचार केला आणि पेनल्टी द्यायला हवी होती, असं लिहून ठेवलं. कारण काय दिलं? गोलवर जाणारा शॉट हाताने थांबला तर जास्त कडक राहायचं, आणि हात अंगाला चिकटून किंवा अगदीच जवळ नसेल तर बहुतेक वेळा पेनल्टी द्यायची. कुकुरेयाचा हात तेवढा जवळ नव्हता. म्हणजे नागल्समान यांचा मुद्दा फिरून आलाच, फक्त अडीच महिने उशिराने. तोवर स्पेनने 14 जुलैला बर्लिनमध्ये इंग्लंडला हरवून कप घरी नेला होता. जर्मन प्रेक्षक स्पर्धा संपेपर्यंत कुकुरेयाच्या नावाने शिट्ट्या मारत होते, आणि फायनलचा विजयी गोल ज्या पासवर झाला, तो पास कुकुरेयाचाच होता. असो.

इथे खरी गोम आहे. मूळ नियम एक, पण त्यावर युएफाची वेगळी सूचना, आणि देशोदेशीच्या लीगचा आपापला सूर. खेळाडू शनिवारी एका वाचनात खेळतो आणि बुधवारी दुसऱ्या. एप्रिल 2023 मध्ये युएफाच्या फुटबॉल बोर्डाने सुचवलं होतं, की बॉल आधी खेळाडूच्या स्वतःच्या अंगाला लागून मग हातावर उडाला तर गुन्हा धरू नये. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पीएसजी विरुद्ध न्यूकॅसल मॅचमध्ये टीनो लिव्हरामेंटोच्या अंगाला लागून बॉल कोपरावर गेला. रेफरीने आधी खेळ चालू ठेवला होता, पण व्हीएआरने त्यांना मॉनिटरकडे बोलावलं आणि पेनल्टी दिली गेली. 98 व्या मिनिटाला किलियन एम्बापेने 1-1 केलं. दुसऱ्याच दिवशी त्या व्हीएआर अधिकाऱ्याला त्याच्या पुढच्या मॅचवरून बाजूला केलं गेलं. सूचना होती, पण ती एका मंडळाने सुचवलेली होती, पुस्तकात छापलेली नव्हती. आणि रात्री दहा वाजता हजारो माणसं ओरडत असताना या दोन्हींतला फरक कुणाला आठवणार?

स्लो मोशनची लबाडी

तुम्ही म्हणाल, व्हीएआर आहे ना, दहा अँगलने बघा आणि ठरवा. बघतात की. पण स्लो मोशनमध्ये प्रत्येक हात गुन्हेगार दिसतो. खऱ्या वेगात पळताना हात पुढे-मागे जातो. तो एका फ्रेममध्ये गोठवला, की वाटतं, याने हात मुद्दाम तिथे धरून ठेवला होता. पळण्याची लय फ्रेममध्ये दिसतच नाही. म्हणूनच व्हीएआरच्या नियमावलीत सांगितलंय, की बॉल हाताला नेमका कुठे लागला हे बघायला स्लो मोशन वापरा, पण गुन्हा झाला का हे ठरवायला साध्या वेगाचा रिप्ले बघा. घरी टीव्हीवर मात्र आपल्याला तोच गोठलेला हात आठ वेळा दाखवतात, त्यावर लाल गोल काढतात आणि मग आपण सोफ्यावरून न्याय देतो.

शिवाय व्हीएआरला हस्तक्षेप करायला चूक 'स्पष्ट आणि उघड' असावी लागते. कुकुरेयाच्या वेळी व्हीएआरच्या खोलीतल्या लोकांसमोर प्रश्न 'हा हँडबॉल आहे का' असा नव्हता. 'टेलर यांनी मैदानावर दिलेला निर्णय कुणालाच पटणार नाही इतका चूक आहे का,' असा होता. हात खाली आहे हे टेलर यांचं वर्णन चित्राशी जुळत होतं. मग बोलावणार कशाच्या आधारावर? टेलर यांनी मैदानात पेनल्टी दिली असती, तर बहुधा तीही तशीच टिकली असती.

गोल मारणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या हाताला चुकूनही बॉल लागला आणि थेट किंवा लगेच त्यानेच गोल केला, तर गोल रद्द, नैसर्गिक-अनैसर्गिक काही नाही. रेफरींना हा भाग आवडतो, कारण इथे मन किंवा शरीर वाचावं लागत नाही.

2024-25 च्या सीझनपासून मंडळाने शिक्षेचं वजन थोडं हलकं केलं. मुद्दाम नसलेल्या हँडबॉलसाठी पेनल्टी दिली आणि त्यामुळे नक्की होणारा गोल अडला असेल, तरी आता रेडऐवजी यलो कार्ड. म्हणजे 106 व्या मिनिटाला टेलर यांनी मुसियालाला पेनल्टी दिली असती, तर या बदलानुसार कुकुरेया मैदानातच राहिला असता.

मित्राला मी परवा विचारलं, तू असतास तर कुकुरेयाला काय दिलं असतंस? त्याने रिप्ले साध्या वेगात दोनदा बघितला, पाय बघितले, कंबर बघितली. मग म्हणाला, 'पुण्यात दिली नसती. युएफाचा कागद वाचला असता तर दिली असती.' आणि चहा मागवला.